काम सुरू झाल्यावर स्टोरीचे पॉइंट बदलायचे की तसेच ठेवायचे?

स्प्रिंटचा चौथा दिवस. पाच पॉइंटची स्टोरी अजून अर्धीही झालेली नाही. डेलीत कोणीतरी म्हणतं, "अगं, याचे आता आठ करून टाक ना." कोणी विरोध करत नाही, आकडा बदलतो आणि पुढची स्टोरी चर्चेला येते. तीन महिन्यांनी प्रॉडक्ट ओनर विचारतो की चार स्प्रिंटमध्ये होणारं काम सहाव्या स्प्रिंटलाही का लोंबकळतंय, तेव्हा त्या डेलीची आठवण कोणालाच राहिलेली नसते.

आठ करणं नेहमीच चूक असतं असं नाही. पण ते कधी करायचं, कोणत्या स्टोरीचं करायचं आणि कशानंतर करायचं, याचा क्रम बहुतेक टीम उलटा लावतात. तो क्रम एका उदाहरणावरून पाहू. पाच जणांची टीम, दोन आठवड्यांचे स्प्रिंट, काम एका पतसंस्थेच्या कर्जखात्यांच्या प्रणालीचं. आकडे मी हिशोबाला सोपे घेतले आहेत, अडचणी मात्र मराठीत सॉफ्टवेअर करणाऱ्या कोणालाही ओळखीच्या वाटतील.

## तयारी: आकड्याबरोबर त्याचं कारणही लिहा

पुढचा सगळा निर्णय एका तुलनेवर उभा आहे: अंदाज बांधताना आपल्याला काय माहीत होतं आणि आता काय माहीत आहे. पहिला भाग कुठे लिहिलेलाच नसेल, तर चौथ्या दिवशी ज्याची आठवण जास्त पक्की त्याचं खरं धरलं जातं. म्हणून पॉइंट ठरल्याबरोबर स्टोरीत तीन ओळी टाका.

आमच्या उदाहरणातली स्टोरी अशी होती: खातेदाराला आपल्या कर्जखात्याचा उतारा पीडीएफमध्ये उतरवून घेता यावा. पॉइंट पाच. खालच्या ओळी अशा:

- काय झालं की पूर्ण: निवडलेल्या तारखांमधले हप्ते, व्याज आणि शिल्लक मराठीत दिसावी, फाइल मोबाइलवर उघडावी.
- कशाशी तुलना: ठेवखात्याच्या इंग्रजी उताऱ्याइतकीच, ती पाचची होती.
- काय गृहीत धरलं: सध्याचीच पीडीएफ लायब्ररी चालेल.

तिसरी ओळ सगळ्यात जास्त वेळा राहून जाते, आणि पुढे गरज नेमकी तिचीच पडते.

तपासा: टीममध्ये नव्याने आलेल्या माणसाला या तीन ओळी वाचून "पाच का?" याचं उत्तर देता येतं का? येत नसेल तर स्प्रिंट सुरू करण्याआधीच त्या नीट करा.

## टप्पा १: आकड्याला हात न लावता काय सापडलं ते लिहा

स्टोरी फुगतेय असं जाणवलं की पहिली कृती पॉइंट बदलण्याची नसावी. काय सापडलं ते स्टोरीखाली एका वाक्यात लिहा. "अवघड आहे", "वेळ लागतोय" अशी वाक्यं निरुपयोगी आहेत. आमच्या स्टोरीवरची नोंद अशी होती: "लायब्ररी देवनागरीची जुळणी करत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते, जोडाक्षरं हलंत पायमोडी दिसतात."

हा दोष जुना आणि सगळीकडे भेटणारा आहे. युनिकोडमध्ये 'कि' लिहिताना आधी 'क' आणि मग वेलांटी साठवली जाते. ती डावीकडे नेऊन दाखवणं हे अक्षरजुळणी करणाऱ्या भागाचं काम. ज्या लायब्ररीत तो भाग नाही, ती साठवलेल्या क्रमानेच चिन्हं छापते. उपाय म्हणजे एकतर जुळणी करणारी लायब्ररी घ्यायची, नाहीतर उतारा एचटीएमएलमध्ये मांडून ब्राउझरच्या इंजिनाकडून त्याची पीडीएफ करून घ्यायची. आम्ही दुसरा मार्ग घेतला. सर्व्हरवर इंजिन बसवणं, मराठी फॉन्ट टाकणं, पानाचे समास जुळवणं यात चार दिवस गेले.

ही नोंद हातात असली की पुढचे प्रश्न दहा मिनिटांत सुटतात. ती नसेल तर डेलीची सभा होते.

## टप्पा २: काम वाढलं, की कामाची समज वाढली?

आता "काय झालं की पूर्ण" ही ओळ उघडा आणि सापडलेली गोष्ट तिच्याशेजारी ठेवा. या घटकेला एकच प्रश्न विचारायचा: मागणी तीच आहे का?

मागणी बदलली असेल तर जुन्या स्टोरीचे पॉइंट वाढवू नका, वाढलेल्या भागाची वेगळी स्टोरी करा. सहाव्या दिवशी पतसंस्थेकडून निरोप आला की उताऱ्यावर जामीनदारांची नावं आणि त्यांची शिल्लक जबाबदारीही हवी. ही नवी मागणी होती. तिला तीन पॉइंट देऊन ती बॅकलॉगमध्ये गेली आणि प्रॉडक्ट ओनरने ती पुढच्या स्प्रिंटला ठेवली. तीच पाचच्या पोटात ढकलून पाचचे आठ केले असते, तर मागणी वाढल्याची खूणच पुसली गेली असती, आणि दोन महिन्यांनी "तुमचे अंदाजच चुकतात" हे ऐकून घ्यावं लागलं असतं.

मागणी तीच आणि कष्ट जास्त असतील, तर पॉइंट तसेच ठेवा. मराठी अक्षरं नीट दिसणं हे मूळ मागणीतच होतं. आमचं गृहीतक चुकलं, पाचच्या जागी आठांचे कष्ट पडले, तरी स्टोरी पाचचीच राहिली. हे अनेकांना अन्याय्य वाटतं, म्हणून कारण आकड्यांत दाखवतो.

### पाचच का ठेवायचे

या स्प्रिंटमध्ये पाच स्टोऱ्या होत्या: ८, ५, ५, ३ आणि ३, एकूण २४ पॉइंट. सगळ्या पूर्ण झाल्या, पण तीन अंदाजापेक्षा जड गेल्या. बॅकलॉगमध्ये अजून १२० पॉइंटचं काम शिल्लक आहे.

समजा शेवटी बसून आपण जड गेलेल्या दोन पाचांचे आठ-आठ केले आणि एका तीनचे पाच. बेरीज झाली ३२. म्हणजे टीमचा वेग ३२ आणि उरलेलं काम १२०. भागाकार केला की चार स्प्रिंट, आठ आठवडे. प्रॉडक्ट ओनर हीच तारीख वर कळवतो.

गडबड अशी की ३२ हा आकडा काम करून झाल्यावरच्या शहाणपणातून आला आहे, आणि १२० हा काम करण्यापूर्वीच्या अंदाजातून. त्या १२० मध्येही अशीच न दिसलेली जड कामं दडलेली आहेत, फक्त ती अजून उघडी पडलेली नाहीत. एका बाजूला मापाची पट्टी बदलली, दुसऱ्या बाजूला तीच राहिली.

मूळ आकडे ठेवले तर वेग २४ आणि १२० भागिले २४ म्हणजे पाच स्प्रिंट, दहा आठवडे. उरलेलं कामही त्याच प्रमाणात जड जाणार असं धरून दोन्ही बाजू वाढवून पाहा: १२० चे होतात १६०, आणि १६० भागिले ३२ पुन्हा पाचच. चूक फक्त एकच बाजू वाढवली तर होते. टीमला साधारण किती चुकायची सवय आहे, हे मूळ पॉइंटच्या वेगात आपोआप मुरलेलं असतं. आकडे मागाहून "बरोबर" केले की ते मुरणंच थांबतं.

सावधान: हाच नियम हलक्या निघालेल्या स्टोरीलाही लावा. आठची स्टोरी एका दिवसात झाली तरी ती आठचीच. मागच्या सहा स्प्रिंटमध्ये तुम्ही किती वेळा पॉइंट वाढवले आणि किती वेळा कमी केले ते एकदा मोजा. मी पाहिलेल्या टीममध्ये कमी केल्याची उदाहरणं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. फक्त चढवण्यापुरता नियम बदलला की वेग दर स्प्रिंटला वाढताना दिसतो आणि काम तिथल्या तिथेच असतं.

## टप्पा ३: आधी स्प्रिंटचं काय करायचं ते ठरवा

पॉइंटच्या वादात जी गोष्ट खरोखर तातडीची असते ती मागे पडते. स्टोरी जड निघाली म्हणजे या स्प्रिंटमधलं दुसरं काहीतरी अडचणीत आलं आहे. ते त्याच दिवशी प्रॉडक्ट ओनरला सांगायचं असतं, आणि पाचाचे आठ केल्याने ते सांगितलं जात नाही.

बोलताना पॉइंट मध्ये आणू नका, दिवसांत बोला: "उताऱ्याला आणखी चार दिवस लागतील. तोवर हप्त्याच्या आठवणीचा एसएमएस हातात घेता येणार नाही. उतारा आधी हवा की एसएमएस?" स्क्रम गाइडप्रमाणे काम करत जास्त कळत गेलं की स्प्रिंटमधल्या कामाची व्याप्ती प्रॉडक्ट ओनरशी बोलून पुन्हा ठरवता येते, फक्त स्प्रिंटच्या ध्येयाला धक्का लागता कामा नये. ही मोकळीक वापरा. आमच्या बाबतीत उताऱ्यातलं संस्थेचं बोधचिन्ह आणि रंगीत पट्टे काढून वेगळे ठेवले, एक दिवस वाचला, आणि दोन्ही स्टोऱ्या शेवटच्या दिवशी का होईना, पूर्ण झाल्या.

कामाचे तास मात्र रोज बदला. स्टोरीखालच्या छोट्या कामांवर तुम्ही उरलेले तास लिहीत असाल, तर ते ताज्या माहितीप्रमाणे वाढवायचे किंवा कमी करायचे. ते त्यासाठीच असतात. तासांचा आकडा आजच्या दिवसासाठी, पॉइंटचा आकडा पुढच्या महिन्यांसाठी. दोन्ही एकाच रकान्यात कोंबले की दोन्ही बिघडतात.

## टप्पा ४: स्टोरी एकटी आहे, की तिचं कुटुंब आहे?

पुनर्अंदाजाची खरी जागा इथे आहे, आणि ती बहुतेक वेळा चालू स्टोरीत नसून अजून हात न लावलेल्या स्टोऱ्यांत असते.

नोंदीकडे परत जा आणि विचारा: ही अडचण पुढच्या स्टोऱ्यांत पुन्हा येणार का? बॅकलॉगमध्ये पावती, थकबाकीची नोटीस, हप्त्यांचं वेळापत्रक अशा मराठी पीडीएफच्या आणखी तीन स्टोऱ्या होत्या. पहिली प्रतिक्रिया अशी झाली की यांचेही पॉइंट वाढवू. पण इंजिन आता सर्व्हरवर बसलेलं होतं, फॉन्ट होते, समास जुळले होते. तो खर्च एकदाच होता. त्या तिन्ही स्टोऱ्या जशा होत्या तशाच ठेवल्या.

पुढच्या स्प्रिंटला उलट गोष्ट घडली. पतसंस्थेच्या नऊ शाखांची जुनी खाती नव्या प्रणालीत आणायची होती. प्रत्येक शाखेची एक स्टोरी, प्रत्येकी तीन पॉइंट. पहिली शाखा घेतली तेव्हा कळलं की नावं युनिकोडमध्ये नाहीतच. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. फॉन्ट काढला की उरतात ती निरर्थक इंग्रजी अक्षरं. रूपांतर करताना रफार आणि वेलांट्या जागा सोडतात, म्हणून नावं डोळ्यांनी तपासावी लागतात. त्यात प्रत्येक शाखेचा फॉन्ट वेगळा, त्यामुळे एका शाखेचा तक्ता दुसरीला चालत नाही. ही अडचण आणखी आठ वेळा येणार होती.

अशा वेळी क्रम असा ठेवा:

1. कुटुंबातल्या सगळ्या स्टोऱ्या एकत्र काढा. एकेक सुटी बदलू नका.
2. पुढच्या रिफाइनमेंटला सगळी टीम बसून त्या पुन्हा मोजा. मोजताना "पहिलीला किती दिवस लागले" हे विचारू नका. आधी पूर्ण झालेल्या, सगळ्यांना आठवणाऱ्या स्टोरीशी तुलना करा. आम्ही कर्जमागणी अर्जाशी तुलना केली. ती आठची होती, शाखाही तेवढीच निघाली.
3. कुटुंबातल्या झालेल्या किंवा चालू असलेल्या स्टोरीलाही तोच आकडा द्या. कष्ट जास्त पडले म्हणून काम सुरू झालेल्या स्टोरीचे पॉइंट बदलायचे, तर ते याच ठिकाणी.

तिसरी पायरी गाळली तर काय होतं ते पाहा. या स्प्रिंटला २४ पॉइंट झाले, त्यात शाखेची तीनची स्टोरी एक. उरलेलं काम ९६, त्यात आठ शाखांचे २४. हिशोब सोपा राहावा म्हणून एकाच स्प्रिंटचा वेग धरतो. प्रत्यक्षात निदान तीन-चार स्प्रिंटची सरासरी घ्या.

काहीच न बदलता ९६ भागिले २४ म्हणजे चार स्प्रिंट. हे खोटं आहे, कारण उरलेल्या कामात शाखांचा वाटा झालेल्या कामापेक्षा मोठा आहे आणि त्या शाखा स्वस्त धरल्या आहेत. फक्त उरलेल्या आठ शाखा आठ-आठच्या केल्या, तर उरलेलं काम १३६ होतं, आणि २४ च्या वेगाने सहा स्प्रिंट. हेही खोटं, कारण टीमने एक आठची शाखा करूनही तिला तीनचंच माप मिळालं. झालेली शाखाही आठची धरली की वेग २९, काम १३६, आणि उत्तर पाच स्प्रिंट.

तपासा: पॉइंट बदलण्याआधी हे वाक्य पूर्ण करता येतं का? "या प्रकारच्या ___ स्टोऱ्या अजून बाकी आहेत आणि प्रत्येकीत ___ पुन्हा करावं लागणार आहे." पहिल्या जागेत शून्य येत असेल, किंवा दुसरी जागा भरताच येत नसेल, तर आकडा तसाच ठेवा.

## टप्पा ५: स्प्रिंट संपला, स्टोरी उरली

तिसऱ्या स्प्रिंटमध्ये कर्जवसुलीची आठ पॉइंटची स्टोरी चाचणीपर्यंत येऊन अडकली. इथे दोन मोह होतात. एक, झालेल्या कामाचे सहा पॉइंट या स्प्रिंटला आणि दोन पुढच्या. दुसरा, उरलेलं काम थोडंच आहे म्हणून आठचे दोन करून पुढे न्यायचे.

पहिल्यात अर्धवट काम पूर्ण म्हणून मोजलं जातं. दुसऱ्यात सहा पॉइंटचं काम कुठल्याच स्प्रिंटच्या खात्यावर येत नाही. पुढच्याच स्प्रिंटमध्ये स्टोरी पूर्ण करणार असाल, तर आठ तसेच ठेवा आणि ज्या स्प्रिंटला पूर्ण होईल त्याला सगळे द्या. आमच्याकडे तिसऱ्या स्प्रिंटला १६ दिसले, चौथ्याला ३२. आलेख विचित्र दिसला, पण सरासरी २४ च राहिली, आणि तारखेचा अंदाज सरासरीवरच चालतो.

एक व्यवहार मात्र सांभाळा. पुढच्या स्प्रिंटचं नियोजन करताना ही स्टोरी आठांची जागा खाणार नाही. ती दोन दिवसांत संपणार आहे हे तोंडी लक्षात घ्या आणि त्याप्रमाणे बाकीचं काम भरा. त्यासाठी रकान्यातला आकडा बदलावा लागत नाही.

स्टोरी लगेच घ्यायची नसेल, बॅकलॉगमध्ये महिना-दोन महिने पडून राहणार असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा उरलेल्या कामाचा नव्याने अंदाज करा. मधल्या काळात कोड बदलतो, माणसं बदलतात, आणि अर्धवट केलेलं कितपत कामाला येईल ते सांगता येत नाही. जुना आठ तिथे काहीच सांगत नाही. आधी केलेल्या कामाचे पॉइंट त्या वेळी सोडून द्यायचे.

स्टोरीचा एखादा भाग स्वतंत्रपणे वापरता येण्यासारखा पूर्ण झाला असेल तर ती फोडता येते. कसोटी कडक ठेवा: तो भाग आज वापरणाऱ्याच्या हातात देता येईल का? "बॅकएंड झालं, स्क्रीन राहिली" ही फोड चालत नाही.

## टप्पा ६: जिरामध्ये आकडा बदलण्यापूर्वी

स्प्रिंट सुरू असताना पॉइंट बदलले की जिरा ते लपवत नाही, पण सगळीकडे सारखं दाखवतही नाही. वेगाच्या आलेखात `Commitment` हा खांब स्प्रिंट सुरू करतानाच्या आकड्यांवर गोठतो. `Completed` मध्ये मात्र बदललेला आकडा धरला जातो. आमच्या पहिल्या स्प्रिंटमध्ये तीन स्टोऱ्या वाढवल्या असत्या, तर आलेखात २४ ठरवले आणि ३२ झाले असं दिसलं असतं. जी टीम धापा टाकत शेवटच्या दिवशी पोचली, ती आलेखात ठरवल्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त काम करणारी ठरली असती. पुढच्या नियोजनात तिच्यावर ३२ लादले जातात ते असेच.

बर्नडाउनमध्ये बदलाच्या दिवशी रेघ वर उडी मारते आणि खालच्या तक्त्यात व्याप्ती बदलल्याची नोंद पडते. मागणी खरोखर वाढली असेल आणि नवी स्टोरी याच स्प्रिंटमध्ये घेतली असेल, तर ती उडी योग्यच आहे. नुसती समज वाढली असेल, तर ती उडी वाचणाऱ्याला चुकीची गोष्ट सांगते.

म्हणून कुटुंबाचा पुनर्अंदाज शक्यतो स्प्रिंट बंद केल्यावर आणि पुढचा सुरू करण्याआधी नोंदवा. संपलेल्या स्टोरीचा आकडा मागे जाऊन बदलण्याऐवजी आम्ही वेगाची दुरुस्ती वेगळ्या शीटवर ठेवतो आणि स्टोरीवर एक ओळ लिहितो: "शाखा-कुटुंब ३ वरून ८, कारण प्रत्येक शाखेचा फॉन्ट वेगळा." आलेख जसा घडला तसा राहतो, अंदाज मात्र दुरुस्त आकड्यांवर चालतो.

मधूनच निःशंक बदलावे असे दोन प्रसंग उरतात. एक, निव्वळ नोंदीची चूक: टीमने आठ ठरवले आणि कोणीतरी तीन टाइप केले. दुसरा, स्प्रिंट सुरू झाला आहे पण स्टोरीला कोणी हात लावलेला नाही, आणि प्रॉडक्ट ओनरने तिची मागणीच बदलली. त्या वेळी जुनी स्टोरी स्प्रिंटमधून काढा, नवी लिहा, सगळ्यांनी मिळून मोजा आणि मग ती या स्प्रिंटमध्ये मावते का ते पाहा.

"आम्ही जास्त राबलो, ते दिसायला हवं" हे म्हणणं मला खोटं वाटत नाही. वार्षिक मूल्यमापनात पॉइंट मोजले जात असतील तर माणसं ते वाढवणारच. त्यावर इलाज स्टोरीच्या रकान्यात नाही. ते कष्ट रेट्रोत दिवसांच्या हिशोबाने मांडा: लायब्ररीमुळे चार दिवस गेले, पुढच्या वेळी नवी लायब्ररी लागणार असेल तर अंदाजाआधी अर्धा दिवस ती तपासायला ठेवायची. आमच्याकडे तेव्हापासून मराठी छपाईच्या कुठल्याही स्टोरीच्या तिसऱ्या ओळीत एक ठरलेलं वाक्य असतं: "'र्‍हस्व', 'क्षितिज', 'कार्यकर्त्री' हे तीन शब्द छापून पाहिले."